आकस्मिक खर्च : एक ओळ, दोन हिशेब

सोसायटीच्या इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचे एस्टिमेट सर्वसाधारण सभेत वाचले जाते, तेव्हा सगळ्यांचे लक्ष शेवटच्या आकड्याकडे असते. त्या आकड्याच्या जरा वर एक ओळ असते : ‘आकस्मिक खर्च १० टक्के’. कुणीतरी विचारते, ‘‘हे दहा टक्के कशाचे?’’ उत्तर येते, ‘‘अहो, जुनी इमारत आहे, काही ना काही निघतंच.’’ मग घासाघीस होते, दहाचे पाच टक्के होतात आणि ठराव मंजूर होतो. काम निम्म्यावर आल्यावर कमिटी पुन्हा सभेपुढे येते आणि फ्लॅटमागे आणखी तीस-चाळीस हजारांची मागणी करते. त्या सभेत काय होते, हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

या भांडणाचे मूळ दहा की पाच यात नसते. ‘काही ना काही निघतंच’ या एका वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. जे निघण्याची शक्यता आजच दिसते आहे, पण किती निघेल हे ठाऊक नाही, ते एक. आणि जे आज कुणाच्या डोक्यातही नाही, ते दुसरे. प्रकल्प व्यवस्थापनात पहिल्यासाठी ठेवलेल्या पैशाला कंटिन्जन्सी रिझर्व्ह म्हणतात आणि दुसऱ्यासाठी ठेवलेल्या पैशाला मॅनेजमेंट रिझर्व्ह. आपण त्यांना जोखीम राखीव आणि व्यवस्थापन राखीव म्हणू. दोन्ही पैसे राखीवच, पण ते ठरवायची रीत वेगळी, ते खर्च करायचा अधिकार वेगळ्या माणसांकडे आणि हिशेबातली त्यांची जागाही वेगळी. एक उदाहरण रुपया-पैशांसह सोडवून पाहिले, की हा फरक नीट कळतो.

आधी नक्की खर्च

मुंबईतली एक सोसायटी धरू. तळमजला अधिक चार मजले, चाळीस फ्लॅट, इमारतीला तीस वर्षे उलटून गेलेली. एवढ्या वयाच्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे. तपासणी झाली, अहवाल आला आणि सल्लागार अभियंत्याने कामांची यादी केली. पुढचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्याकडचे दर निराळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

चारही बाजूंनी परांची बांधायला ६ लाख. बाहेरचे प्लास्टर तोडून नवे करायला २४,००० चौरस फूट, फुटाला १०० रुपये, म्हणजे २४ लाख. तडे गेलेल्या कॉलम-बीमची आरसीसी दुरुस्ती ४,००० चौरस फूट, फुटाला ४०० रुपये, म्हणजे १६ लाख. गच्चीचा जुना कोबा काढून नवे वॉटरप्रूफिंग ९ लाख. सांडपाण्याचे उभे पाइप बदलणे ८ लाख. रंगकाम ७ लाख. हे झाले ठेकेदाराचे ७० लाख. सल्लागाराची फी ५ लाख. या ७५ लाखांवर १८ टक्के जीएसटी साडेतेरा लाख. एकूण साडेअठ्ठ्याऐंशी लाख.

या बेरजेत जीएसटी मुद्दाम धरला आहे. अनेक एस्टिमेटांमध्ये तळाशी ‘कर वेगळा’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते आणि पहिले बिल आल्यावर तो कर आकस्मिक खर्चातून भागवला जातो. पण कर आकस्मिक नाही. तो द्यावा लागणार हे काम सुरू व्हायच्या आधीच ठाऊक असते. जे नक्की होणार आहे ते मूळ खर्चातच धरायचे, हा पहिला नियम. तो मोडला, की राखीव पैसा काम सुरू होण्यापूर्वीच संपलेला असतो आणि कमिटीला त्याचा पत्ताही नसतो.

दिसणाऱ्या जोखमीचा हिशेब

आता सल्लागाराला शेजारी बसवून एक साधा प्रश्न विचारायचा : यातले काय फिसकटू शकते? अनुभवी अभियंता सर्वांत आधी आरसीसीवर बोट ठेवेल. तपासणीच्या वेळी हातोडीने ठोकून पाहतात. आतला भाग सुटलेला असेल तर आवाज पोकळ, बद्द येतो. पण ही ठोकाठोक हात पोचेल तिथेच होते. चौथ्या मजल्याच्या बाहेरचा बीम परांची बांधून प्लास्टर उतरवल्याशिवाय नीट दिसत नाही. गंजलेल्या सळीवरून काँक्रीट फुगून सुटत जाते आणि तो गंज किती लांब गेला आहे हे फोडल्यावरच कळते. म्हणून ४,००० चौरस फूट हा जाणत्या माणसाने केलेला अंदाज असतो, मोजमाप नव्हे.

अशा प्रत्येक जोखमीपुढे दोन आकडे लिहायचे : घडले तर किती लाख लागतील आणि घडण्याची शक्यता किती. आपल्या इमारतीत पाच जोखमी निघाल्या. सगळ्या रकमा जीएसटीसह आहेत. आरसीसीचे काम वाढले तर ७ लाख, शक्यता ५० टक्के. काम लांबून परांची पावसाळ्यात उभी राहिली तर ३ लाख, शक्यता ३० टक्के. गच्चीचा कोबा काढल्यावर खालचा स्लॅबही खराब निघाला तर ४ लाख, शक्यता २५ टक्के. पाइप बदलताना फ्लॅटमधल्या न्हाणी ट्रॅपचे जोड तुटून संडास-बाथरूमची फरशी करून द्यावी लागली तर २ लाख, शक्यता ६० टक्के. सिमेंट आणि सळईचे भाव करारातल्या मर्यादेपलीकडे गेले तर २ लाख, शक्यता २० टक्के.

पाचही जोखमी एकदम घडल्या तर १८ लाख लागतील. पण सगळेच एकदम घडण्याचा संभव फार थोडा असतो, म्हणून प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणायचे. सात लाखांचे ५० टक्के साडेतीन लाख, तीन लाखांचे ३० टक्के नव्वद हजार, मग एक लाख, एक लाख वीस हजार आणि चाळीस हजार. बेरीज बरोबर ७ लाख येते. या रकमेला अपेक्षित मूल्य म्हणतात.

बरीच पुस्तके इथेच थांबतात आणि बऱ्याच कमिट्याही. पण सात लाख ही सरासरी आहे. एकाच वेळी शंभर इमारती दुरुस्त करणाऱ्याला ती पुरेल, कारण एकीकडचे जास्त दुसरीकडच्या कमीतून भरून निघेल. आपली इमारत एकच आहे. आरसीसीचे काम पुरते वाढले तर सातच्या सात लाख तिथेच जातील आणि न्हाणी ट्रॅपला एक रुपयाही उरणार नाही. म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा : किती रक्कम ठेवली तर ती पुरण्याची खात्री किती? या पाच जोखमी एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरून सगळ्या जोड्या मांडल्या, तर ७ लाख पुरण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के निघते, ९ लाखांची सुमारे ७३ टक्के आणि ११ लाखांची सुमारे ८३ टक्के. म्हणजे सातावर थांबणे जवळजवळ नाणेफेकच आहे. सभासदांना कितपत जोखीम झेपते यावर आकडा ठरतो. आपल्या सोसायटीने ९ लाख ठरवले.

साडेअठ्ठ्याऐंशी अधिक नऊ, म्हणजे साडेसत्त्याण्णव लाख. ही कामाची खर्चरेषा, इंग्रजीत जिला कॉस्ट बेसलाइन म्हणतात. काम वेळोवेळी मोजायचे ते या रेषेशी. जोखीम राखीव या रेषेच्या आत आहे, हे इथेच लक्षात ठेवायचे.

न दिसणाऱ्यासाठी

यादीत जे आलेच नाही त्याचे काय? त्याला गुणायला शक्यता नाही आणि रक्कमही नाही. एक खरे उदाहरण घेऊ. हवेतली धूळ फार वाढल्यामुळे मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी कडक नियम जाहीर केले : काम चालू असलेली इमारत सर्व बाजूंनी हिरवे कापड, गोणपाट किंवा ताडपत्रीने झाकायची, पाणी फवारत राहायचे, राडारोडा झाकून न्यायचा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ज्यांनी बजेट मंजूर केले असेल, त्यांच्या जोखमीच्या यादीत ही ओळ असण्याचे कारण नव्हते. मार्च २०२० च्या टाळेबंदीचेही तेच. अशा खर्चासाठी व्यवस्थापन राखीव असते.

हा आकडा काढायचे ठरलेले सूत्र नाही. तो अनुभवाने आणि प्रकल्पाच्या स्वभावावरून ठरतो. मूळ आरसीसी नकाशे हाताशी असतील, सल्लागाराने अशाच वयाच्या इमारती हाताळलेल्या असतील, तर थोडा पुरतो. नकाशे हरवलेले असतील, मधल्या काळात कुणी भिंती पाडल्या आहेत याची नोंद नसेल, तर जास्त ठेवावा लागतो. आपल्या सोसायटीने खर्चरेषेच्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५ लाख ठेवले. एकूण बजेट झाले १ कोटी अडीच लाख.

हे पाच लाख बजेटमध्ये आहेत, पण खर्चरेषेच्या बाहेर. जोखीम राखीव सल्लागार आणि कमिटी यांच्या हातात असते, कारण ज्या जोखमीसाठी ती ठेवली ती जोखीम सभेने आधीच पाहिलेली आणि मान्य केलेली असते. व्यवस्थापन राखीव मात्र सर्वसाधारण सभेची. नव्या कारणासाठी पैसा लागला तर कारण सांगून सभेची मंजुरी घ्यायची, मगच हात लावायचा. कंपनीत हाच अधिकार प्रकल्प व्यवस्थापकाच्या वरच्या व्यवस्थापनाकडे असतो, म्हणूनच तिला व्यवस्थापन राखीव म्हणतात. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या ‘पीएमबॉक’ या मार्गदर्शिकेत ही मांडणी अशीच आहे.

सोसायटीला ही दुसरी रक्कम सभासदांकडून लगेच गोळा करावी लागतेच असेही नाही. सिंकिंग फंडात तेवढी शिल्लक असेल तर सभेने ती या कामासाठी राखून ठेवल्याचा ठराव करता येतो. एरवीही सभेच्या ठरावाशिवाय त्या फंडाला हात लावायचा नसतो. सगळा खर्च फ्लॅटमागे सारखा वाटला, तर खर्चरेषेपर्यंतचा वाटा २,४३,७५० रुपये येतो आणि व्यवस्थापन राखीवचा वाटा १२,५०० रुपये. पहिली रक्कम हप्त्यांनी वसूल करायची. दुसरी लागलीच तर.

काम सुरू झाल्यावर

आता परांची उभी राहिली, प्लास्टर उतरले आणि सल्लागाराने ठेकेदाराच्या माणसाबरोबर प्रत्येक कॉलम-बीम ठोकून मोजमाप पुस्तकात नोंद केली. आरसीसी दुरुस्ती ४,००० ऐवजी ५,००० चौरस फूट निघाली. जादा १,००० फुटांचे ४ लाख, जीएसटी धरून ४ लाख ७२ हजार. ही जोखीम यादीत होती, म्हणून सभा बोलवायची गरज नाही. कमिटीने ठराव केला आणि नोंदवहीत लिहिले : तारीख, कोणती जोखीम, किती रक्कम, शिल्लक किती. नऊ लाखांतले ४ लाख २८ हजार उरले. पुढे न्हाणी ट्रॅपचे जोड तुटलेच. त्याचे २ लाख गेले. शिल्लक २ लाख २८ हजार.

इथे खजिनदार घाबरतो : ‘‘काम निम्मे झाले आणि राखीव पाऊण संपली!’’ पण झालेल्या कामाशी राखीव ताडून पाहणे फसवे असते. आरसीसी आणि पाइपची जोखीम आता मागे पडली आहे, ती पुन्हा येणार नाही. शिल्लक पैसा उरलेल्या जोखमींशी ताडायचा. पावसाळा, गच्ची आणि भाववाढ मिळून अपेक्षित मूल्य २ लाख ३० हजार. म्हणजे सरासरीच्या हिशेबाने पैसा जेमतेम पुरेसा आहे. मात्र गच्चीचा स्लॅब खराब निघाला तर एकट्या त्यालाच ४ लाख लागतील आणि पावणेदोन लाखांच्या आसपास तूट येईल. ही गोष्ट कोबा फोडण्यापूर्वीच सभासदांच्या कानावर घालायची. ‘गच्ची खराब निघाली तर सभा घ्यावी लागेल’ असे एप्रिलमध्ये सांगणे आणि जूनमध्ये उघड्या गच्चीखाली सभा घेणे यात फार फरक आहे. अशी तूट व्यवस्थापन राखीवेतून भरायची की वेगळी वर्गणी काढायची, हे सभेने ठरवायचे, कमिटीने परस्पर नव्हे.

उलट काम वेगाने होऊन मे महिन्यातच परांची उतरली, तर पावसाळ्याच्या जोखमीचे पैसे मोकळे होतात. ते उरलेल्या जोखमींसाठी ठेवायचे आणि त्यातूनही काही उरले तर अखेरीस सभासदांना परत द्यायचे. ‘उरलेत ना, मग लॉबीत ग्रॅनाइट बसवून घेऊ’ असे मात्र नाही. लॉबीचे ग्रॅनाइट मूळ कामात नव्हते. ते नवे काम आहे, त्याला नवे एस्टिमेट आणि नवी मंजुरी हवी. राखीव रक्कम ठरलेले काम पुरे करण्यासाठी असते, काम वाढवण्यासाठी नव्हे.

मध्येच इमारत झाकायचा नवा नियम आला आणि कापड, बांबू, फवारणीसाठी दीड लाख लागले असे समजू. हे यादीत नव्हते. कमिटी सभेपुढे गेली, सभेने पाच लाखांतले दीड लाख मंजूर केले. त्याबरोबर हिशेबात दोन बदल होतात. व्यवस्थापन राखीव साडेतीन लाखांवर येते आणि खर्चरेषा साडेसत्त्याण्णववरून ९९ लाखांवर जाते. एकूण बजेट १ कोटी अडीच लाखच राहते. सभासदांच्या खिशातून नवा पैसा न जाता, काय बदलले, का बदलले आणि कुणी मान्य केले, हे कागदावर राहते. शिवाय पुढच्या वर्षी शेजारची सोसायटी बजेट करील, तेव्हा हा नियम सगळ्यांना ठाऊक असेल. तिच्याकडे ताडपत्रीचा खर्च जोखीमसुद्धा नसेल, मूळ खर्चाचे एक कलम असेल.

वेगळे ठेवायचे ते का

शेवटी बेरीज एकच, मग दोन ओळी कशाला, असे कुणी म्हणेल. समजा, ९ आणि ५ एकत्र करून १४ लाखांची एकच ओळ ठेवली. आता कमिटीच्या हातात १४ लाख आहेत आणि ते कशासाठी हे लिहिलेले नाही. आरसीसी वाढले, ठीक. ठेकेदाराने रंगाचा हात कमी दिला म्हणून पुन्हा रंगवावे लागले, तेही त्यातूनच. मोजमाप चुकले, तेही त्यातून. खर्च १ कोटी अडीच लाखांच्या आत आहे तोवर कुणाला काही दिसत नाही. खर्चरेषा साडेसत्त्याण्णवला ठेवली असती, तर ती ओलांडताक्षणी कुणीतरी ‘का?’ विचारले असते. शिवाय निकृष्ट कामाची दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायची असते. कारण लिहायची सक्ती असली, की ती राखीवेतून करून घेणे कठीण जाते.

दुसरी वाईट सवय म्हणजे राखीव लपवणे. सभा आकस्मिक खर्च कापते, म्हणून काही जण प्रत्येक कलमाचे परिमाण गुपचूप दहा टक्क्यांनी फुगवून ठेवतात. पुढे तेच फुगवलेले परिमाण टेंडरमध्ये जाते, ठेकेदार तेवढ्याच कामाच्या हिशेबाने माणसे आणि माल आणतो आणि बिलही तेवढेच करू पाहतो. राखीव कुठे होती आणि कशात गेली हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून परिमाण खरे लिहायचे आणि राखीव उघडपणे, वेगळ्या ओळीत, फक्त सोसायटीच्या बजेटमध्ये दाखवायची. ठेकेदाराच्या करारात ७० लाख आणि त्यावरचा कर एवढेच असावे. राखीवेचा आकडा टेंडरमध्ये छापला, तर ते पैसे आपलेच आहेत असे धरून चालणारा ठेकेदार भेटायला वेळ लागत नाही.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. ५० टक्के, ३० टक्के या शक्यता शेवटी माणसाच्या अंदाजातूनच येतात. सल्लागाराने जुन्या दोन-तीन इमारतींचे एस्टिमेट आणि प्रत्यक्ष मोजमाप समोर ठेवले, तर त्या बऱ्याच खऱ्याजवळ जातात. नुसत्या गप्पांतून आल्या, तर गुणाकार कितीही शुद्ध असला तरी उत्तर तेवढेच कच्चे राहते. जोखमी सुट्या आहेत हे गृहीतकही नेहमी खरे नसते. आरसीसीचे काम वाढले की दिवस वाढतात आणि परांची पावसात अडकायची शक्यताही वाढते. म्हणजे नऊ लाख पुरण्याची ७३ टक्के खात्री प्रत्यक्षात थोडी कमीच धरावी.

तेव्हा तुमच्या सोसायटीत, संस्थेत किंवा गावच्या शाळेच्या इमारतीसाठी असे एस्टिमेट पुढे आले, तर टक्क्यांवर वाद घालू नका. तीन गोष्टी मागा : कर धरून नक्की खर्च, जोखमींची नावे आणि आकडे असलेली यादी, आणि यादीबाहेरच्यासाठी सभेच्या ताब्यातली वेगळी रक्कम. यादी मिळाली नाही, तर ते दहा टक्के दोनांपैकी कोणतीच राखीव नाही. ती नुसती मोघम रक्कम आहे आणि मोघम रकमेला मंजुरी देऊ नये.